फाशीच्या निकालानंतर आधी उच्च न्यायालय, दयेचा अर्ज शेवटी

प्रश्न: "माझ्या मामेभावाला गेल्या आठवड्यात सत्र न्यायालयानं खुनाच्या खटल्यात फाशी सुनावली. वकील म्हणाले, 'आता हायकोर्ट कन्फर्म करेल.' म्हणजे तिथे नुसती सही होते का? अपील केलंच नाही तर काय? गावातले लोक म्हणतात, सगळ्यांच्या सह्या घेऊन राष्ट्रपतींना लगेच अर्ज पाठवा. मामी रोज विचारते, किती दिवस उरलेत. त्याला अंधारकोठडीत ठेवलंय का? कुणी नीट सांगेल का?"

मामींना आजच सांगा की दिवस मोजायची वेळ आलेली नाही. सत्र न्यायाधीशांनी फाशी सुनावली तरी ती अमलात आणण्याचा अधिकार त्यांच्या निकालात नसतो. उच्च न्यायालयानं कायम करेपर्यंत ती शिक्षा कागदावरच राहते. त्यापुढेही सर्वोच्च न्यायालय, तिथली पुनर्विचार याचिका, राज्यपाल आणि राष्ट्रपती एवढ्या पायऱ्या आहेत. मी २५ वर्षांहून जास्त काळ फौजदारी वकिली करतो आणि त्यातली बरीच वर्षं विधी सेवेमार्फत फाशीच्या कैद्यांची कामं केली आहेत. तुमच्यासारखी घरं मी बरीच पाहिली. सगळे राष्ट्रपतींकडे बघत बसतात आणि उच्च न्यायालयातले महिने हातातून निसटतात. मला खरी काळजी त्याचीच वाटते.

एक आधीच सांगतो. मी तुमचा निकाल वाचलेला नाही. आरोपी किती आहेत, पुरावा प्रत्यक्षदर्शींचा आहे की परिस्थितिजन्य, आणखी कुठला विशेष कायदा लागलाय का, यावर बरंच अवलंबून असतं. निकालात कलमं जुन्या दंड प्रक्रिया संहितेची असतील किंवा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची. आकडे वेगळे दिसले तरी गोंधळू नका. जुन्या कायद्यातली कलम ३६६ ते ३७१ नव्या कायद्यात ४०७ ते ४१२ झाली आहेत, वाट तीच आहे.

आता 'कन्फर्म' या शब्दाकडे येऊ. फाशी सुनावल्यावर सत्र न्यायालयाला खटल्याची सगळी कागदपत्रं उच्च न्यायालयाकडे पाठवावीच लागतात. आरोपीनं मागितलं नाही तरीही. तिथे 'कन्फर्मेशन केस' म्हणून वेगळा क्रमांक पडतो आणि किमान दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ ती ऐकतं. दोघांचं मत जुळलं नाही तर प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींपुढे जातं. हे काम सहीचं अजिबात नाही. या सुनावणीत पहिल्या साक्षीदारापासून पुरावा पुन्हा वाचला जातो. पंचनामे, वैद्यकीय अहवाल, जप्ती, ओळख परेड, जे काही असेल ते सगळं. सत्र न्यायाधीशांनी काय मानलं, याला उच्च न्यायालय बांधील नसतं. गुन्हा सिद्ध झालाय का, हा प्रश्नही तिथे नव्यानं उघडतो. न्यायालय शिक्षा कायम करू शकतं, कमी करू शकतं, दुसऱ्या कलमाखाली दोषी धरू शकतं, फेरखटला घ्यायला सांगू शकतं, पूर्ण निर्दोष सोडू शकतं. कुठे पोकळी दिसली तर आणखी पुरावा घ्यायचा आदेशही देऊ शकतं.

म्हणून अपील केलं नाही तरी खटला उच्च न्यायालयात जाणारच. तरीही अपील कराच. कन्फर्मेशनमध्ये न्यायालय स्वतःहून वाचतं हे खरं, पण आपली बाजू, आपले मुद्दे, आपल्याला कुठे न्याय मिळाला नाही हे अपिलातच नीट मांडता येतं. शिवाय फाशीसोबत इतर कलमांखाली दिलेल्या शिक्षा असतात, त्यांना आव्हान अपिलातूनच द्यायचं. मुदत निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांची आहे. इतर गुन्ह्यांत ६० दिवस मिळतात, त्यामुळे वकीलसुद्धा कधीकधी इथे चुकतात. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात आणि उशीर झालाच तर तो माफ करून घेता येतो, पण फाशीच्या प्रकरणात त्या भरवशावर राहू नये. निकालाची प्रत दोषीला लगेच आणि विनामूल्य मिळायला हवी, तो कायदाच आहे. भेटीला जाल तेव्हा भावाला विचारा की प्रत हातात पडली का, आणि कोणत्या तारखेला. पैशांची अडचण असेल तर तुरुंगातूनच अपील पाठवता येतं आणि उच्च न्यायालय विधी सेवा समिती वकील देते. मुदतीत अपील आलं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत शिक्षा कायम करता येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही प्रकरणं एकत्रच ऐकली जातात.

आता तुमच्या घरच्यांनी करायच्या कामाबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होताना मी पाहिलं आहे.

आपल्या कायद्यात खुनाची नेहमीची शिक्षा जन्मठेप आहे. फाशी द्यायची असेल तर न्यायाधीशांना 'विशेष कारणं' लिहावी लागतात. १९८० च्या बच्चन सिंग निकालानं दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणाची कसोटी घातली आणि त्यात एक गोष्ट स्पष्ट केली. गुन्हा किती भयंकर होता एवढंच पाहून चालत नाही. तो करणारा माणूस कोण, कुठल्या परिस्थितीतून आला, सुधारू शकतो का, हेही तितकंच पाहायचं. पण दोषी ठरवल्यावर शिक्षेवर जो युक्तिवाद होतो, तो बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तासात उरकतो. वकील उभे राहून म्हणतात, वय कमी आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया व्हावी. एवढंच. एकही कागद दाखल होत नाही.

माझ्याकडे एक प्रकरण उच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलं होतं. कैद्याची आई पहिल्याच भेटीत साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी घेऊन आली. त्यात सरकारी दवाखान्याचे केसपेपर होते, घड्या पडून फाटत आलेले. मुलगा १४ वर्षांचा असताना डोक्याला मार लागून बेशुद्ध होता, त्यानंतर त्याला फिट यायच्या, दोन वर्षं गोळ्या चालू होत्या. खटल्यात हे कुणी विचारलं नव्हतं आणि हे कामाचं आहे हे तिला माहीत नव्हतं. पिशवी पत्र्याच्या पेटीत पडून होती. सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात दोन्ही ठिकाणी निकालपत्रात लिहिलं गेलं की आरोपीच्या बाजूनं वयाखेरीज सौम्य करणारी कोणतीही परिस्थिती नाही.

तेव्हापासून मी घरच्यांना पहिल्या दिवशी एकच सांगतो: घरातली पेटी उघडा. शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्माची नोंद, दवाखान्याचे केसपेपर, कामावरचे कागद, आईवडिलांच्या आजाराचे, कर्जाचे, स्थलांतराचे पुरावे, सगळं एकत्र करा. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की फाशीच्या प्रकरणात आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातलं वर्तन याचे अहवाल न्यायालयापुढे आलेच पाहिजेत, आणि ते आणायला सरकारनंही हातभार लावायचा आहे. तुमच्या खटल्यात सत्र न्यायालयात हे झालं नसेल तर उच्च न्यायालयात वकिलांना त्यासाठी अर्ज करायला सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये तर नागपूरच्या एका प्रकरणात दयेचे अर्ज फेटाळले गेल्यावरही सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडायला परवानगी दिली, कारण हे अहवाल कधी मागवलेच नव्हते.

शाळेच्या रजिस्टरचं नाव मी उगीच घेतलं नाही. १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलं यांचा खून झाला होता. त्यात फाशी झालेल्यांपैकी एक जण राजस्थानातला होता. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय या तिन्ही ठिकाणी त्याची फाशी टिकली. अनेक वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद पुढे आली. तिथे त्याचं नावही खटल्यातल्या नावापेक्षा वेगळं होतं. ती नोंद आणि तोच तो माणूस याची चौकशी झाली आणि २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षांच्या आसपास होतं. म्हणजे त्याला फाशीच काय, तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवताच येत नव्हतं. तोवर तो २८ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. अल्पवयाचा मुद्दा कधीही, अगदी अंतिम निकालानंतरही काढता येतो. तुमच्या भावाच्या बाबतीत तो नसेलही, पण दाखला काढायला एक फेरी पुरते.

हे सांगताना समोरच्या घराचा विसर मला पडलेला नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही हा निकाल, ही तारीख, ही वाट बघणं सोसावं लागतं. त्यांच्या घरी जाऊन विनवण्या करणं, साक्षीदारांना भेटणं, असलं काही करू नका. त्यात तुमचंच प्रकरण बिघडतं.

उच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करायची. फाशीच्या प्रकरणात त्याची मुदत ६० दिवस आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे अशी प्रकरणं किमान तीन न्यायमूर्तींपुढे चालतात. आपल्याच राज्यातल्या बाबासाहेब मारुती कांबळे यांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयानं म्हटलं की फाशीच्या प्रकरणातली अशी याचिका कारण न देता दारातूनच फेटाळू नये, निदान शिक्षेच्या प्रश्नावर तरी कारणं लिहावीत. तिथेही शिक्षा टिकली तर पुनर्विचार याचिका. इतर प्रकरणांत ती न्यायमूर्ती आपल्या दालनात, वकिलाला न ऐकता पाहतात. फाशीत मात्र २०१४ पासून ती खुल्या न्यायालयात, वकिलाचं म्हणणं ऐकून निकाली काढावी लागते.

पुनर्विचार म्हणजे उपचार म्हणून करायची गोष्ट, असं अनेक वकील मानतात. त्यांना मी नाशिकचं प्रकरण सांगतो. २००३ सालच्या दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील मान्य करून सहाही जणांना फाशी सुनावली. सगळं संपलं होतं. त्यानंतर पुनर्विचाराच्या टप्प्यावर तो निकाल मागे घेतला गेला, अपिलं नव्यानं ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. ओळख पटवण्याचा पुरावा वाचल्यावर तो उभाच राहत नव्हता. सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असाही आदेश झाला.

आता राष्ट्रपतींचा अर्ज. आज पाठवलात तर त्यावर काही होणार नाही, कारण शिक्षा अजून कायमच झालेली नाही. नव्या संहितेच्या कलम ४७२ मध्ये याची वेळ पहिल्यांदाच बांधून दिली आहे. सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षक कैद्याला कळवतात, त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयात गेलाच नाही, तर उच्च न्यायालयानं शिक्षा कायम केल्याचं आणि तिथे जायची मुदत संपल्याचं कळवल्यापासून ३० दिवस. अर्ज कैदी स्वतः करू शकतो, त्याचा वारस किंवा नातेवाईकही करू शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. साधारणपणे आधी राज्यपालांकडे जायचं, त्यांनी नाकारला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्यपाल आणि राष्ट्रपती हे अधिकार मनानं वापरत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरतात. म्हणून फाईल खरी फिरते ती मुंबईत मंत्रालयात गृहखात्यात आणि पुढे दिल्लीत केंद्रीय गृहमंत्रालयात. केंद्रानं राज्याचं म्हणणं मागवायचं, आणि ते म्हणणं व कागद मिळाल्यापासून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवायची, असं कलमात आहे. राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवावं याला मात्र मुदत नाही.

अर्जात काय लिहायचं? युक्तिवादाची नक्कल नको. जे न्यायालयापुढे आलं नाही किंवा नंतर घडलं, ते लिहावं: आजार, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वर्तन, तिथे घेतलेलं शिक्षण, किती वर्षं या टांगणीत गेली, सहआरोपीला कमी शिक्षा का झाली. पुराव्यातल्या दोषावरही बोलता येतं. १९८८ च्या केहर सिंग निकालाप्रमाणे राष्ट्रपती पुरावा स्वतःच्या नजरेनं पुन्हा तपासू शकतात, न्यायालयापेक्षा वेगळ्या मताला येऊ शकतात. तोंडी सुनावणीचा हक्क मात्र नाही, म्हणून जे काही आहे ते कागदावरच पोचलं पाहिजे. गावकऱ्यांच्या सह्यांचं निवेदन जोडलं तर बिघडत नाही, पण दवाखान्याचा एक अस्सल केसपेपर त्यापेक्षा जड असतो.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं, ते पुण्यातल्या एका प्रकरणावरून सांगतो. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बीपीओ कंपनीत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर, तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून तिचा खून केला होता. मार्च २०१२ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं दोघांना फाशी दिली. सप्टेंबर २०१२ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांत, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. ८ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं अपिलं फेटाळली.

इथपर्यंत न्यायालयांचा काळ. यापुढचा काळ सरकारचा. जुलै २०१५ मध्ये राज्यपालांकडे दयेचे अर्ज गेले. ते मार्च २०१६ च्या अखेरीला नाकारले गेले, म्हणजे साडेआठ महिने. राष्ट्रपतींनी २६ मे २०१७ ला नाकारले, आणखी चौदा महिने. त्यानंतर एकच काम बाकी होतं. सत्र न्यायालयानं अंमलबजावणीचं वॉरंट काढायचं. ते निघालं १० एप्रिल २०१९ ला. जवळपास दोन वर्षं नुसता पत्रव्यवहार चालू होता. वॉरंटात २४ जून २०१९ ही तारीख होती. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून फाशीच्या तारखेपर्यंत चार वर्षं दीड महिना, आणि त्यातला बराचसा काळ कुणीही कसलाही निर्णय घेत नव्हतं.

दोघांनी उच्च न्यायालयात रिट याचिका केली. २१ जून २०१९ ला, तारखेच्या तीन दिवस आधी, स्थगिती मिळाली. २९ जुलैला उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून ३५ वर्षांची जन्मठेप केली, भोगलेली वर्षं त्यात धरून. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ डिसेंबर २०२४ ला न्या. अभय ओक यांच्या पीठानं उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला.

यात दोघं निर्दोष आहेत असं कुणीही म्हटलेलं नाही. गुन्ह्याची क्रूरता कमी झाली, असंही नाही. मुद्दा एवढाच होता की फाशीच्या छायेत माणसाला विनाकारण वर्षानुवर्षं ठेवणं हीच वेगळी, कायद्यानं न सांगितलेली शिक्षा होते. जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयानं याच तत्त्वावर १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींचंही तसंच झालं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २००६ चा, राष्ट्रपतींचा नकार २०१४ चा, आणि १८ जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं जन्मठेप केली.

पण इतकी वर्षं झाली की फाशी आपोआप रद्द, असा हिशेब कुठेच नाही. किती उशीर झाला याबरोबर तो कुणामुळे झाला, हे पाहिलं जातं. कैद्यानं स्वतः एकामागून एक याचिका करण्यात घालवलेला काळ मोजला जात नाही. म्हणून मी घरच्यांना एक साधी वही करायला लावतो. कोणता अर्ज, कुठे दिला, कोणत्या तारखेला, आवक क्रमांक काय, उत्तर कधी आलं. अर्जाच्या आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. एका प्रकरणात खात्याचं म्हणणं होतं की अर्ज मिळालाच नव्हता. कैद्याच्या बहिणीच्या वहीत तारीख आणि आवक क्रमांक दोन्ही होते, आणि पोचपावतीची पिवळी चिठ्ठी त्याच पानाला डिंकानं चिकटवलेली होती. उशिराचं अख्खं प्रतिज्ञापत्र आम्ही त्या वहीवरून बांधलं.

डिसेंबर २०२४ च्या निकालात पुढच्यासाठी सूचनाही आहेत. दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याच्या गृह किंवा तुरुंग खात्यात स्वतंत्र कक्ष हवा. उच्च न्यायालयाचा निकाल आला की सत्र न्यायालयानं ते प्रकरण पुन्हा बोर्डावर घेऊन, काही अपील किंवा अर्ज बाकी आहे का, हे सरकारी वकिलाला विचारत राहायचं. वॉरंट काढण्याआधी कैद्याला नोटीस द्यायची, वकील हवा का विचारायचं, आणि वॉरंट हातात पडल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत पूर्ण १५ दिवस मोकळे ठेवायचे. तेव्हा 'उद्या पहाटे देतील' अशी भीती मामींच्या मनात असेल तर ती काढून टाका.

कलम ४७२ मध्ये असंही लिहिलंय की दयेवरच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही आणि तो कसा घेतला याची न्यायालयात चौकशी होणार नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: रिट याचिकेचा अधिकार राज्यघटनेतून येतो आणि संहितेतलं कलम तो काढून घेऊ शकत नाही. निर्णयात महत्त्वाचा कागद पाहिलाच नाही, किंवा अवाजवी उशीर झाला, तर न्यायालयाचं दार पुढेही ठोठावता येईल असं मी धरून चालतो. तरी हा शेवटचा मार्ग आहे. उच्च न्यायालयातलं काम नीट झालं तर तिथवर जायची वेळ बऱ्याच जणांवर येत नाही.

राहिला अंधारकोठडीचा प्रश्न. निकालानंतर येरवडा किंवा नागपूरसारख्या मध्यवर्ती तुरुंगात हलवून 'फाशी यार्ड'मध्ये ठेवण्याची पद्धत आहे. पण १९७८ च्या सुनील बत्रा निकालानं सांगितलंय की दयेचा अर्ज संपेपर्यंत माणूस कायद्याच्या अर्थानं फाशीचा कैदी होतच नाही, आणि त्याला एकांतवासात डांबता येत नाही. त्याला मुलाकात मिळते, पत्रं लिहिता येतात, वकिलाला भेटता येतं, डॉक्टर मिळतो. पुढच्या मुलाकातीत जेवण, झोप, औषधं याबद्दल विचारा आणि तो विचित्र बोलतोय, कुणाला ओळखत नाही असं वाटलं तर लगेच अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी मागा, प्रतीवर शिक्का घेऊन.

थोडक्यात, तुमच्यापुढचा महिना असा: निकालाची प्रत, ३० दिवसांच्या आत अपील, वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज, आणि दाखला व दवाखान्याचे कागद. निकालाची तारीख, खटल्यात किती आरोपी होते आणि शिक्षेवरच्या युक्तिवादाच्या दिवशी काय कागद दाखल झाले, एवढं लिहून कळवलंत तर अपिलात काय घ्यायला हवं ते मला जास्त नेमकं सांगता येईल. भावाचं आणि मृत व्यक्तीचं नाव मात्र इथे लिहू नका.